डॅशबोर्ड ताजा होण्याआधी सारे तक्ते भरून कसे व्हावेत? रात्रीच्या कामांचा क्रम आणि त्यामागचे गणित

सकाळी कार्यालय उघडताच व्यवस्थापकाच्या पडद्यावर कालच्या विक्रीचे आणि उरलेल्या मालाचे आकडे दिसतात, तेव्हा त्यामागे रात्रभर चाललेली अनेक कामे असतात. दुकानांतून आलेली बिले एका तक्त्यात भरली जातात, गोदामाची आवक दुसऱ्यात, वस्तूंचे दर तिसऱ्यात. या तक्त्यांवरून शिलकीचा हिशेब तयार होतो आणि सर्वांत शेवटी डॅशबोर्ड ताजा केला जातो. यातील एखादे काम अर्धवट असताना पुढचे सुरू झाले, तर पडद्यावर आकडा दिसतो. पण तो खोटा असतो. विशेष म्हणजे अशा वेळी कोठेही चूक झाल्याची सूचना येत नाही. हे कसे घडते आणि ते टाळण्यासाठी कामांचा क्रम कसा लावावा, हे एका काल्पनिक पण नित्याच्या अनुभवातील उदाहरणाने पाहू.

बारा दुकाने, सहा तक्ते

गोव्यात बारा दुकाने असलेली एक किराणा साखळी आहे, असे समजू. रात्री साडेबारापर्यंत सर्व दुकानांची दिवसाची बिले आणि गोदामाची आवक-यादी मुख्य सर्व्हरवर पोहोचते. त्यानंतर सहा तक्ते भरले जातात. पहिला दुकानांच्या यादीचा; त्याला दोन मिनिटे लागतात. दुसरा वस्तू आणि दरांचा. त्याला दहा मिनिटे. तिसरा विक्रीचा, तो सर्वांत मोठा असून एरवी सत्तर मिनिटे घेतो. चौथा ग्राहकांनी परत केलेल्या मालाचा, पंधरा मिनिटांचा. पाचवा गोदामातून दुकानात आलेल्या मालाचा, वीस मिनिटांचा. सहावा तक्ता बाहेरून येत नाही. कालच्या शिलकेत आवक आणि परत आलेला माल मिळवून, त्यातून विक्री वजा करून तो तयार केला जातो. हा शिलकेचा तक्ता. त्याला पंचवीस मिनिटे लागतात. नंतर डॅशबोर्ड ताजा होण्यास आणखी पंधरा.

ही कामे लावण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रत्येकाला घड्याळातील एक वेळ नेमून देणे. युनिक्स प्रणालींवर त्यासाठी `cron` ही सोय अनेक दशकांपासून आहे. `0 4 * * *` एवढी ओळ लिहिली की ते काम रोज पहाटे चारला सुरू होते. आपल्या उदाहरणात दुकानांची यादी एक वाजता, दर एक वाजून दहा मिनिटांनी, विक्री आणि परत माल दीड वाजता, आवक दोनला, शिल्लक तीनला आणि डॅशबोर्ड चारला, असे वेळापत्रक आहे. विक्रीचे काम दोन चाळीसला संपते आणि शिलकेचे तीनला सुरू होते; मध्ये वीस मिनिटांची फट ठेवली आहे. महिनोन्‌महिने ही फट पुरते आणि वेळापत्रक निर्दोष असल्याचा समज पक्का होतो.

चतुर्थीच्या आदल्या रात्री

चतुर्थीच्या आधी नारळ, गूळ, रवा, तूप, सुपारी यांची खरेदी कित्येक पटींनी वाढते. बिले वाढली की विक्रीचा तक्ता भरण्यास वेळही जास्त लागतो. त्या रात्री हे काम सत्तरऐवजी एकशे तीस मिनिटे चालले, म्हणजे दीडला सुरू होऊन तीन चाळीसला संपले, असे समजा. परंतु शिलकेच्या कामाला याची काहीच कल्पना नाही. तीनच्या ठोक्याला ते सुरू झाले. विक्री दुकानागणिक लिहिली जात असल्याने तोवर आठ दुकानांची विक्री तक्त्यात पोहोचली होती, चार दुकानांची बाकी होती. फोंड्याचे दुकान त्या चारांपैकी एक.

आता फोंड्याच्या नारळांचा हिशेब पाहा. कालची शिल्लक 900, दिवसभरातील आवक 200, परत माल शून्य, विक्री 840. खरी शिल्लक 260. पण विक्रीची नोंद तक्त्यात नसल्याने शिलकेच्या कामाने त्यातून काहीच वजा केले नाही आणि 1100 हा आकडा लिहून ठेवला. चार वाजता डॅशबोर्ड ताजा झाला तेव्हा विक्रीचा तक्ता पूर्ण भरलेला होता. त्यामुळे एकाच पडद्यावर फोंड्याची विक्री 840 आणि शिल्लक 1100 असे दोन आकडे शेजारी शेजारी उभे राहिले. पहिला खरा, दुसरा खोटा. अकराशे नारळ पडून आहेत असे पाहून व्यवस्थापकाने सकाळची गाडी फोंड्याला न पाठवता म्हापशाला पाठवली, तर त्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही.

रात्रीच्या कामांची नोंदवही उघडली तर सातही कामांसमोर ‘यशस्वी’ असाच शेरा आढळतो, आणि एका अर्थी तो खराही आहे. शिलकेच्या कामाला जे सांगितले होते ते त्याने बिनचूक केले. त्याच्या हाती अपुरी सामग्री होती, इतकेच. हानी एवढ्यावर थांबत नाही. दुसऱ्या रात्री हिशेबाची सुरुवात आदल्या दिवसाच्या शिलकेपासून होते. म्हणजे ते 840 नारळ कागदावर दुसऱ्या दिवशीही असतात, तिसऱ्या दिवशीही. कोणी दुकानात जाऊन प्रत्यक्ष मोजणी करीपर्यंत ते तसेच राहतात.

या प्रकारातील सर्वांत घातक गोष्ट म्हणजे चुकीची वेळ. घड्याळावर लावलेला क्रम सामान्य दिवशी टिकतो आणि गर्दीच्या दिवशी मोडतो. म्हणजे ज्या दिवशी आकड्यांवर निर्णय अवलंबून असतात नेमका त्याच दिवशी. फट वीस मिनिटांवरून दोन तासांची केली तरी मूळ दोष जात नाही. एरवीच्या रात्री यंत्रे रिकामी बसतात, आणि पुरेशी मोठी गर्दी कधीतरी त्या दोन तासांनाही ओलांडतेच. ‘तीन वाजले’ या गोष्टीवरून ‘विक्री भरून झाली’ असे सिद्ध होत नाही. पुढच्या कामाला सुरू होण्याची परवानगी मिळावी ती मागचे काम संपल्याच्या नोंदीने.

कोण कोणावर अवलंबून

दुरुस्तीची पहिली पायरी कागदावर करावयाची आहे. प्रत्येक तक्त्यासमोर तो भरण्यासाठी दुसरे कोणते तक्ते वाचावे लागतात ते लिहावे. ही यादी स्मरणाने करू नये. त्या त्या कामाची आज्ञावली उघडून त्यात कोणत्या तक्त्यांची नावे येतात ते पाहावे, आणि डॅशबोर्डच्या प्रत्येक आलेखामागील प्रश्नही तसेच तपासावेत. एखाद्या कोपऱ्यातील लहानसा आलेख कोणाच्याच लक्षात नसलेला तक्ता वाचत असतो, हे अशा तपासणीतच उघड होते.

आपल्या उदाहरणात दुकानांची यादी आणि दर हे दोन तक्ते कोणावरही अवलंबून नाहीत. विक्री, परत माल आणि आवक या तिघांना ते दोन्ही हवेत, कारण बिलावरील दुकानाचा व वस्तूचा क्रमांक त्यांच्याशी जुळवावा लागतो. शिलकेला हे तिन्ही हवेत. डॅशबोर्ड शिल्लक, विक्री, दर आणि दुकाने हे चार तक्ते वाचतो.

यावरून क्रम काढण्याची रीत जुनी आणि साधी आहे. आर्थर कान यांनी ती 1962 साली प्रसिद्ध केली. प्रत्येक कामासमोर ‘किती जणांची वाट पाहायची’ तो आकडा लिहायचा. दुकाने शून्य, दर शून्य, विक्री, परत माल व आवक प्रत्येकी दोन, शिल्लक तीन, डॅशबोर्ड चार. ज्यांच्यासमोर शून्य आहे ती कामे सुरू करायची. एखादे काम संपले की त्याची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या आकड्यातून एक वजा करायचा. दुकाने आणि दर संपताच मधल्या तिघांचे आकडे शून्य होतात व तिन्ही कामे एकदमच सुरू होऊ शकतात. डॅशबोर्डचा आकडा चारावरून दोनावर येतो. ती तिघे संपली की शिलकेचा आकडा शून्य होतो. डॅशबोर्डचा आकडा सर्वांत शेवटी शून्यावर येतो, आणि त्यापूर्वी तो सुरूच होऊ शकत नाही.

सर्व कामे संपली, तरी काहींसमोर शून्याहून मोठा आकडा उरला, तर वर्तुळ तयार झाले आहे असे समजावे. उदाहरणार्थ, साठून राहिलेल्या मालावर सवलत देण्यासाठी दरांचा तक्ता शिल्लक वाचू लागला, तर दर शिलकेची वाट पाहतील, शिल्लक विक्रीची आणि विक्री पुन्हा दरांची. असे वर्तुळ तोडण्याचा मार्ग म्हणजे सवलतीसाठी आजची नव्हे, कालची शिल्लक वाचणे.

बाण काढले की वेळही वाचते

अशी अवलंबने लिहून ठेवून त्याप्रमाणे कामे चालवणारी साधने आज सहज उपलब्ध आहेत. त्यांपैकी ‘एअरफ्लो’ हे मुक्त साधन 2014 मध्ये एअरबीएनबी या कंपनीत सुरू झाले. त्यात आपला सारा क्रम चार ओळींत मावतो:

```
[dukan, vastu] >> vikri
[dukan, vastu] >> parat
[dukan, vastu] >> avak
[vikri, parat, avak] >> shillak >> dashboard
```

बाणाच्या डावीकडचे काम यशस्वीपणे संपल्याशिवाय उजवीकडचे सुरू होत नाही. डॅशबोर्डला विक्री आणि दरही लागतात. पण ते शिलकेच्या आधी संपणारच असल्याने त्यांचे वेगळे बाण काढले नाहीत तरी चालते.

आता वेळेचा हिशेब मांडून पाहा. एक वाजता दर सुरू होऊन एक दहाला संपतात. विक्री लगेच सुरू होऊन दोन वीसला संपते. परत माल आणि आवक तिच्याबरोबरच चालू असल्याने त्यांचा वेगळा वेळ धरावा लागत नाही. शिल्लक दोन पंचेचाळीसला तयार, डॅशबोर्ड तीनला. जुन्या वेळापत्रकात हेच सव्वाचारला होत असे. चतुर्थीच्या रात्री विक्रीला एकशे तीस मिनिटे लागली तरी सारे चार वाजता संपते, तेही खऱ्या आकड्यांनिशी. दर, विक्री, शिल्लक आणि डॅशबोर्ड ही सर्वांत लांब साखळी आहे; सकाळचा वेळ तीच ठरवते. डॅशबोर्ड आणखी लवकर हवा असेल, तर विक्रीचे काम हलके करावे लागेल. आवकेचे काम वीसावरून दहा मिनिटांवर आणले, तरी काहीच फरक पडणार नाही.

येथे दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होते. पहिली म्हणजे एअरफ्लोमधील `trigger_rule` ही निवड. मुळात ती `all_success` असते, म्हणजे मागची सर्व कामे यशस्वी झाली तरच पुढचे सुरू होते. ‘डॅशबोर्ड अडून राहतो’ अशी तक्रार आली की कोणी तरी ती `all_done` करतो. त्याचा अर्थ मागची कामे संपली की झाले, मग ती फसलेली का असेनात. या एका शब्दाने जुना दोष पुन्हा घरात शिरतो. दुसरी गोष्ट दिवसांमधील अवलंबनाची. आजच्या शिलकेला कालची शिल्लक हवी. काल ते काम फसले असेल, तर आज ते चालता कामा नये. त्यासाठी शिलकेच्या कामावर `depends_on_past=True` असे लिहावे लागते. वरचे बाण ते काम करीत नाहीत.

डॅशबोर्डचे स्वतःचे घड्याळ

बरीच डॅशबोर्ड साधने आपले स्वतःचे वेळापत्रक बाळगतात. डेटाबेसमधील क्रम नीट लावला, पण डॅशबोर्ड मात्र स्वतःच्या चारच्या गजरावरच ताजा होत राहिला, तर शेवटचा बाण कागदावरच राहतो. साधनात बाहेरून आज्ञा देऊन ताजे करण्याची सोय असेल, तर आतील वेळापत्रक बंद करून शिलकेनंतरच्या कामाने ती आज्ञा द्यावी. ‘पॉवर बीआय’सारख्या साधनांत अशी सोय आहे.

ती सोय नसेल, किंवा काही तक्ते दुसऱ्याच विभागाच्या यंत्रणेतून भरले जात असतील, तर दोन्ही बाजूंना वाचता येईल अशी एक नोंदवही ठेवावी. डेटाबेसमध्येच `load_log` नावाचा एक लहान तक्ता करावा. प्रत्येक कामाने सुरू होताना आणि संपताना त्यात तक्त्याचे नाव, कोणत्या दिवसाचा डेटा, सुरू आणि संपल्याची वेळ, ओळींची संख्या आणि स्थिती लिहावी. डॅशबोर्ड ताजा करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारायचा:

```sql
SELECT COUNT(DISTINCT table_name)
FROM load_log
WHERE business_date = :divas
  AND status = 'done'
  AND table_name IN ('dukan','vastu','vikri',
                     'parat','avak','shillak');
```

उत्तर सहा आले तर पुढे जायचे. अन्यथा पाच मिनिटे थांबून पुन्हा विचारायचे. येथे `DISTINCT` गाळून चालणार नाही. विक्रीचे काम दोनदा चालवावे लागले तर तिच्या दोन ओळी मोजल्या जातील आणि एखादा तक्ता बाकी असूनही बेरीज सहा होईल. तसेच ‘कोणत्या दिवसाचा डेटा’ हा रकाना संपल्याच्या वेळेवरून भरू नये. काल रात्रीचे काम आज दुपारी पुन्हा चालवले, तरी तो डेटा कालचाच असतो. ‘झाले’ हा शेराही सारा डेटा कायम झाल्यानंतरच लिहावा आणि काम पुन्हा सुरू होताच तो काढून टाकावा.

‘झाले’ म्हणजे पूर्ण झाले का?

एका मर्यादेची जाणीव येथे ठेवली पाहिजे. क्रम कितीही काटेकोर असला, तरी रिकामी फाइल तो ओळखत नाही. डिचोलीच्या दुकानाची इंटरनेट जोडणी रात्री तुटली आणि त्याची बिले आलीच नाहीत, तर विक्रीचे काम अकरा दुकाने भरून यशस्वी म्हणून संपते. त्यामुळे ‘झाले’ असा शेरा मारण्यापूर्वी विक्रीच्या कामाने निदान दुकाने मोजावीत. बाराऐवजी अकरा आढळली तर काम फसले असे जाहीर करावे. एखादे दुकान खरोखर बंद असेल, तर त्याची नोंद दुकानांच्या यादीतच असायला हवी, म्हणजे अपेक्षित संख्या आपोआप अकरा होते.

मग वाट किती वेळ पाहायची? हा निर्णय यंत्राने नव्हे, आकडे वापरणाऱ्याने घ्यायचा असतो. गाड्या सातला निघत असतील, तर साडेपाच ही मर्यादा ठेवता येईल, कारण त्यानंतर माणसाला जागे करून दुरुस्ती करण्यास दीड तास उरतो. साडेपाचपर्यंत सहा नोंदी पुऱ्या झाल्या नाहीत, तर डॅशबोर्ड ताजा करू नये. जबाबदार व्यक्तीला कोणत्या तक्त्याची नोंद बाकी आहे, ते नाव घेऊन कळवावे आणि पडद्यावर आदल्या दिवसाचेच आकडे ठेवावेत. मात्र पडद्याच्या माथ्यावर ‘आकडे अमुक दिवसापर्यंतचे’ असे ठळक लिहिलेले असावे आणि ती तारीख `load_log`मधून यावी. बहुतेक पडद्यांवर ‘शेवटचे ताजे केले : पहाटे 4.15’ एवढेच असते. त्यावरून डॅशबोर्ड केव्हा ताजा झाला ते कळते. आत कोणत्या दिवसाचा डेटा आहे ते कळत नाही. कालचा आकडा कालचा म्हणून समोर आला तर व्यवस्थापक फोंड्याला फोन करून नारळ मोजून घेईल. अर्धवट आकडा आजचा म्हणून आला तर तो फोन होणार नाही.

आजवर किती वेळा घडले?

क्रम बदलण्याआधी जुन्या नोंदी तपासून पाहणे उपयोगी ठरते. कामे सुरू आणि संपल्याच्या वेळा बहुतेक यंत्रणांत साठवलेल्या असतात. त्या `load_log`मध्ये आणून पुढील प्रश्न विचारला की शिल्लक घाईने सुरू झालेले सारे दिवस समोर येतात:

```sql
SELECT DISTINCT s.business_date
FROM load_log s
JOIN load_log v ON v.business_date = s.business_date
WHERE s.table_name = 'shillak'
  AND v.table_name IN ('vikri','parat','avak')
  AND s.started_at < v.finished_at;
```

उत्तरात एकही दिवस आला नाही, तर वेळापत्रकाने आजवर साथ दिली असे म्हणता येईल. दिवस आढळले, तर त्यांपैकी सर्वांत जुन्या दिवसापासून शिलकेचा तक्ता एकेक दिवस ओळीने पुन्हा तयार करावा लागतो. केवळ चुकलेला दिवस दुरुस्त केला तर पुरत नाही, कारण त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाने ती चूक पुढे वाहून नेलेली असते. हाच प्रश्न नव्या व्यवस्थेतही रोज सकाळी आपोआप विचारला जावा. दुपारी कोणी विक्री पुन्हा भरली आणि शिल्लक पुन्हा तयार करण्यास विसरला, तर तो दिवस दुसऱ्या दिवशीच यादीत दिसेल.

वेळा तपासताना एका साध्या गोष्टीकडे लक्ष असावे. अनेक सर्व्हर आणि एअरफ्लोही मुळात जागतिक प्रमाणवेळ धरतात, जी भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. अशा सर्व्हरवर लिहिलेले ‘पहाटे चार’ आपल्याकडे सकाळी साडेनऊला उजाडते, आणि दोन यंत्रणांच्या वेळा वेगवेगळ्या प्रमाणांत असतील तर वरच्या प्रश्नाचे उत्तरही चुकते. सर्व नोंदी एकाच प्रमाणवेळेत लिहाव्यात, आणि एक वाजताचे पहिले काम सोडून बाकी कोणत्याही कामासमोर घड्याळाची वेळ ठेवू नये.